ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं

औषधांच्या दुकानात टूथपेस्टचा कप्पा पाहिला तर डोकं चक्रावून जातं. एका खोक्यावर बर्फाचा खडा, दुसऱ्यावर निळी लाट, तिसऱ्यावर कडुलिंबाची पानं. ‘सेन्सिटिव्ह’, ‘गम केअर’, ‘रिपेअर’ असे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, आणि गिऱ्हाईक तेच वाचून खोकं उचलतं. खरी माहिती मात्र मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत असते. तिथे पेस्टमधल्या गुणकारी घटकाचं नाव आणि त्याचं प्रमाण दिलेलं असतं. ज्याचे दात शिवशिवतात किंवा ज्याच्या हिरड्यांतून रक्त येतं, त्याने हे खोकं फिरवून मागची बाजू वाचायलाच हवी. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणं वेगळी आहेत, आणि एकीचा घटक दुसरीवर चालेलच असं नाही.

दात शिवशिवतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कळलं की घटकांची नावंही सोपी वाटायला लागतात. दाताच्या दिसणाऱ्या भागावर एनॅमलचं कठीण कवच असतं. त्याच्या आत डेंटीन नावाचा थोडा मऊ, पिवळसर थर असतो. या थरात अतिसूक्ष्म नलिका असतात. त्यांची रुंदी मिलिमीटरच्या एखाद-दोन हजारांशाइतकी असते, आणि एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा हजारो नलिका दाटीने बसलेल्या असतात. त्या आतल्या नसेच्या दिशेने जातात आणि त्यांच्यात द्रव भरलेला असतो. हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं, किंवा घासून घासून हिरडीलगत खाच पडली, की या नलिकांची तोंडं उघडी होतात. मग थंड पाणी लागलं, वारा लागला किंवा गोड खाल्लं की आतला द्रव हलतो आणि त्या हालचालीने नस दुखावते. स्वीडनचे दंतशास्त्रज्ञ मार्टिन ब्रानस्ट्रॉम यांनी 1960च्या दशकात प्रयोगांतून ही उपपत्ती भक्कम केली. आजही शिवशिवण्याचं तेच स्पष्टीकरण सर्वाधिक मान्य आहे.

यातून इलाजाचे दोन रस्ते निघतात. एक म्हणजे नस शांत करायची, आणि दुसरा म्हणजे नलिकांची तोंडं बुजवायची.

नस शांत करणारा घटक म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, म्हणजेच सोरा. ट्यूबवर तो बहुधा 5 टक्के असा लिहिलेला असतो. पोटॅशियमचे कण नलिकांतून हळूहळू आत शिरतात आणि नसेच्या भोवती साठून तिची कळ पाठवण्याची ताकद कमी करतात, असा त्यामागचा विचार आहे. साठण्याला वेळ लागतो, म्हणून या पेस्टचा परिणाम एका दिवसात दिसत नाही. दिवसातून दोनदा घासलं तर दोन ते चार आठवडे धीर धरावा लागतो. अनेक जण चौथ्या दिवशीच ‘काही फरक नाही’ म्हणून ट्यूब बदलतात, आणि नवी ट्यूबही पुष्कळदा त्याच घटकाची असते. हेही सांगायला हवं की 2006 साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने पोटॅशियमच्या पेस्टवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा भक्कम म्हणावा असा पुरावा थोडाच निघाला. म्हणून या घटकाकडे जादूचा इलाज म्हणून पाहू नये. काहींना तो लागू पडतो, काहींना पडत नाही.

तोंडं बुजवणाऱ्या घटकांची यादी थोडी मोठी आहे. त्यातला जुना म्हणजे स्ट्रॉन्शियम क्लोराइड. 1961 साली अमेरिकेत ‘सेन्सोडाइन’ बाजारात आली ती याच घटकाच्या जोरावर. आजच्या ‘सेन्सोडाइन’ नावाच्या वेगवेगळ्या ट्यूबांत मात्र वेगवेगळे घटक सापडतात, म्हणून नुसत्या नावावर विसंबून चालत नाही. दुसरा घटक आर्जिनिन. हे एक अमिनो आम्ल आहे आणि लाळेतही असतं. ते 8 टक्के प्रमाणात कॅल्शियम कार्बोनेटसोबत दिलं की दोन्ही मिळून नलिकांच्या तोंडाशी चिकटतात आणि बूच बसवतात. अशी पेस्ट दुखऱ्या जागी बोटाच्या टोकाने मिनिटभर चोळली तर लगेच थोडा आराम वाटू शकतो.

तिसऱ्याचं नाव लांबलचक आहे, कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट. त्याची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच यांनी 1969 साली हाडाशी सांधणारी एक काच तयार केली. त्या काचेची बारीक पूड लाळेत ओली झाली की कॅल्शियम आणि फॉस्फेट सोडते आणि उघड्या डेंटीनवर दाताच्या खनिजासारखा पातळ थर बसतो. दंतवैद्य चिठ्ठीवर लिहून देतात त्या महागड्या छोट्या ट्यूबांपैकी काहींच्या पाठीवर हेच नाव असतं.

चौथा घटक आहे स्टॅनस फ्लोराइड, म्हणजे कथिल आणि फ्लोराइड यांचं संयुग. आधीच्या तिघांपेक्षा तो वेगळा आहे, कारण तो दोन्ही तक्रारींना उपयोगी पडतो. कथिलाचे क्षार नलिकांची तोंडं बुजवतात आणि दातांवरच्या जंतूंची वाढही रोखतात. त्यामुळे एकाच माणसाचे दात शिवशिवत असतील आणि हिरड्याही सुजत असतील, तर आधी हे नाव शोधावं. याने काहींच्या दातांवर पिवळसर-तपकिरी छटा येते. ती वरवरची असते आणि दंतवैद्याकडे साफ करता येते.

ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण पीपीएममध्ये लिहिलेलं असतं. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. भारतातल्या नियमाप्रमाणे पेस्टमध्ये फ्लोराइड 1000 पीपीएमपेक्षा जास्त नसावं आणि तो आकडा ट्यूबवर आणि खोक्यावर छापावा लागतो. पुष्कळ ट्यूबांवर ‘सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट 0.7 टक्के’ असं असतं. या संयुगात फ्लोराइडचा वाटा साधारण 13 टक्के, म्हणजे 0.7 टक्क्यांतून 920च्या आसपास पीपीएम मिळतात. इंग्लंडहून कुणी आणलेल्या ट्यूबवर 1450 असा आकडा दिसला तर मोठ्या माणसाने घाबरायचं कारण नाही. पेस्ट गिळायची नसते, एवढं पाळलं की झालं. उघड्या पडलेल्या मुळाला कीड लवकर लागते. म्हणून शिवशिवण्यासाठी पेस्ट घेतली तरी तिच्यात फ्लोराइड आहे ना, हे पाहून घ्यावं. काही ट्यूबांत नुसतं पोटॅशियम नायट्रेट असतं आणि फ्लोराइड मुळीच नसतं. (ट्यूबच्या तळाशी हिरवी, काळी, लाल पट्टी असते आणि तिच्यावरून पेस्ट नैसर्गिक की रासायनिक हे कळतं, असा निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतो. ती पट्टी कारखान्यातल्या यंत्राला ट्यूब कुठे कापायची आणि बंद करायची हे दाखवणारी खूण असते. पेस्टमध्ये काय आहे याच्याशी तिचा काही संबंध नाही.)

हिरड्यांचं प्रकरण मात्र पेस्टने सुटण्याइतकं सोपं नाही. 1965 साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा माणसांना त्यांनी दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या. मग त्यांनी पुन्हा दात घासायला सुरुवात केली आणि जवळपास आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. हिरडीलगत साठणारा जंतूंचा चिकट थर हेच सुजेचं मूळ आहे आणि तो रोज काढला की सूज उतरते, हे या साध्या प्रयोगाने दाखवून दिलं. म्हणून हिरड्यांच्या बाबतीत मुख्य काम ब्रश करतो. पेस्टमधलं स्टॅनस फ्लोराइड किंवा जस्त त्याला हातभार लावतं, इतकंच. लवंगेच्या तेलाने हिरडी जरा बधिर होते आणि बरं वाटतं, पण थर जागच्या जागी असतो.

हाच थर तीन-चार दिवस राहिला की लाळेतल्या क्षारांनी कडक होऊ लागतो. त्याला किटण म्हणतात. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सर्वांत जास्त साठतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. आरशात तिथे पिवळट, खरखरीत कठडा दिसला तर कुठल्याही पेस्टने तो निघणार नाही. तो दंतवैद्याच्या अवजारानेच काढावा लागतो. ‘साफ करून घेतले की दात हलतात’ हा समज गावोगावी आहे. खरं तर किटणाखालचं हाड आधीच झिजलेलं असतं आणि किटणाने दात जखडून धरलेले असतात. ते काढल्यावर दात मोकळे वाटतात आणि काही दिवस जास्त शिवशिवतातही. तेवढ्यापुरती शिवशिवण्याची पेस्ट उपयोगी पडते.

महाराष्ट्रात मिश्रीबद्दल बोलल्याशिवाय हिरड्यांचा विषय पुरा होत नाही. भाजलेल्या तंबाखूची ही पूड अजूनही कितीतरी बायका सकाळी दातांवर चोळतात, आणि ‘मिश्रीने हिरड्यांचं रक्त थांबतं’ असं मनापासून सांगतात. त्यांना फरक जाणवतो तो खराच असतो, पण निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही. आतली झीज चालूच राहते. दुखणं लपतं, आणि माणूस दंतवैद्याकडे पोहोचतो तो दात हलू लागल्यावर. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात 1992पासून बंदी आहे. घरी भाजलेल्या मिश्रीवर मात्र कुठलं लेबलच नसतं.

आता ब्रशकडे वळू. मलेरियाचा परोपजीवी 1912 साली प्रयोगशाळेत वाढवून दाखवणाऱ्यांपैकी एक असलेले न्यू ऑर्लिन्सचे डॉक्टर चार्ल्स बास उतारवयात दात घासण्याच्या मागे लागले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशचे तंतू तपासले आणि 1948 साली चांगल्या ब्रशची मापं मांडली. तंतू नायलॉनचा, 0.007 इंच म्हणजे सुमारे 0.18 मिलिमीटर जाडीचा, आणि टोक घासून गोल केलेला हवा. आजच्या ‘सॉफ्ट’ ब्रशची जाडीही साधारण तेवढीच असते. ‘मीडियम’चा तंतू त्याहून जाड असतो. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण लांबी तीच ठेवून तंतूची जाडी दुप्पट केली तर तो वाकवायला सोळा पट जोर लागतो. म्हणून जाडीतला केसाएवढा फरक हिरडीला चांगलाच जाणवतो.

मऊ ब्रशने साफ होत नाही, असं अनेकांना वाटतं. अंगणासाठी खराटा आणि घरासाठी केरसुणी लागते. घराच्या कोपऱ्यात खराटा फिरवला तर फरशीला ओरखडे उठतात आणि कोपरा तसाच राहतो. दात आणि हिरडी यांच्यातली फट निरोगी माणसात एक ते तीन मिलिमीटर खोल असते. मऊ तंतूचं टोकच तिच्या तोंडाशी शिरू शकतं. बास यांच्या पद्धतीत ब्रश हिरडीकडे साधारण 45 अंशांत तिरका धरतात आणि जागच्या जागी थरथरल्यासारखा हलवतात. आडवं खसाखसा घासत नाहीत.

तंतूंचे दोन प्रकार दुकानात दिसतात. एकाची जाडी वरपासून खालपर्यंत सारखी असते आणि टोक गोल केलेलं असतं. दुसरा टोकाकडे निमुळता होत जातो. त्याच्या खोक्यावर ‘0.01 मिमी’ असा आकडा असतो. तो फक्त टोकाचा असतो. तंतूची बुडाची जाडी नेहमीएवढीच असते. हिरड्या सुजलेल्या असतील, दातांमधल्या फटी मोठ्या झाल्या असतील किंवा किटण नुकतंच काढलं असेल तर निमुळता तंतू सोयीचा ठरतो, कारण टोक अडचणीच्या जागी पोहोचतं आणि टोचत नाही. दाढांच्या चावण्याच्या बाजूवर मात्र असा ब्रश जरा बापुडवाणा पडतो, तिथे वेळ जास्त द्यावा लागतो. स्वस्त ब्रशमध्ये तंतू नुसते कापलेले असतात आणि त्यांच्या धारदार कडा डोळ्याला दिसत नाहीत. कोरडा ब्रश मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवर फिरवला की टोचणं कळतं. डोकं लहान असावं, म्हणजे मागच्या दाढेपर्यंत ते सहज जातं.

एक उदाहरण घेऊन हे सगळं जोडून पाहू. समजा, पंचेचाळिशीच्या एक शिक्षिका आहेत. उजव्या हाताने घासतात. ब्रश ‘मीडियम’, सोबत लाल दंतमंजन. तक्रारी दोन. थंड पाणी प्यायलं की वरच्या डाव्या सुळ्यात आणि त्याच्या मागच्या दातात कळ येते, आणि खालच्या पुढच्या दातांतून घासताना रक्त येतं.

पहिल्या तक्रारीची जागाच बोलकी आहे. उजवा हात असणाऱ्याचा जोर बऱ्याचदा डाव्या सुळ्याच्या वळणावर पडतो. तिथे नख फिरवलं तर हिरडीलगत पाचरीसारखी खाच लागते. ही खाच नुसत्या ब्रशने पडत नाही. ब्रश जोर लावतो आणि पावडरीतला खरखरीतपणा झीज करतो, म्हणून फक्त ब्रश मऊ करून भागत नाही, मंजनही बंद करावं लागतं. दात पांढरे करण्याच्या आणि कोळशाच्या पेस्टपासूनही बाईंनी लांब राहावं. पेस्ट डेंटीन किती घासते याचं एक आंतरराष्ट्रीय माप आहे आणि त्याची कमाल मर्यादा 250 धरतात, पण आपल्याकडच्या ट्यूबवर हा आकडा छापत नाहीत. म्हणून ‘व्हाइटनिंग’ हा शब्द हीच सावधगिरीची खूण समजावी.

मग दुकानात बाईंनी काय पाहायचं? ब्रश ‘सॉफ्ट’, लहान डोक्याचा. हिरड्यांतून रक्त आहे, म्हणून निमुळत्या टोकाचा मिळाला तर उत्तम. पेस्टच्या पाठीवर आधी स्टॅनस फ्लोराइड शोधायचं. ते नाही मिळालं तर 5 टक्के पोटॅशियम नायट्रेट आणि सोबत फ्लोराइड असलेली ट्यूब घ्यायची. ती दोन्ही वेळ वापरायची, ब्रश मुठीत आवळायच्याऐवजी पेनसारखा बोटांत धरायचा, आणि घासून झाल्यावर फेस थुंकायचा. लगेच भरपूर चुळा भरल्या की औषध धुऊन जातं. कोकम सरबत किंवा लिंबू सरबत प्यायल्यावर लगेच घासायचं नाही, अर्धा तास जाऊ द्यायचा, कारण आंबटाने दाताचा पृष्ठभाग थोडा वेळ मऊ झालेला असतो.

दुसऱ्या तक्रारीसाठी मात्र दुकानात जाऊन उपयोग नाही. खालच्या दातांच्या आत किटण दिसत असेल तर आधी ते काढून घ्यायला हवं. त्यानंतर बाईंनी रक्त येतं म्हणून तो भाग टाळू नये. बहुतेक जण नेमकं हेच करतात आणि थर आणखी वाढतो. मऊ ब्रशने रोज हळुवार साफ केलं तर एक-दोन आठवड्यांत रक्त कमी व्हायला हवं. नवा ब्रश महिन्याभरातच बाहेरच्या बाजूला फिसकटला तर हातातला जोर गेलेला नाही, असं समजायचं.

काही खुणा दिसल्या तर पेस्टचा प्रयोग करत बसण्यात धोका आहे. साधी शिवशिव पाणी गिळलं की एक-दोन सेकंदांत ओसरते. कळ मिनिटभर रेंगाळते, गरम चहाने वाढते किंवा रात्री झोपेतून उठवते, तेव्हा आतल्या नसेला सूज आलेली असू शकते. चावताना एकाच दातात तीक्ष्ण कळ येणं म्हणजे दात तडकलेला असू शकतो. अशा वेळी नस शांत करणारी पेस्ट दुखणं थोडं झाकते आणि तेवढा काळ फुकट जातो. अमेरिकेत शिवशिवण्याच्या पेस्टवर ‘दंतवैद्याने सांगितल्याशिवाय चार आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये’ अशी सूचना छापतात ती याचसाठी. हिरड्यांचंही तसंच आहे. पू येत असेल, दात हलत असेल किंवा मधुमेह असताना हिरड्या सुजत असतील तर घरच्या घरी ब्रश बदलून थांबू नये.

दंतवैद्याकडे जाताना तीन गोष्टी आठवून जाव्यात. कोणता दात, कशाने कळ येते, आणि ती किती वेळ टिकते. सोबत रोजचा ब्रश आणि वापरात असलेली ट्यूबही न्यावी. ब्रश कसा झिजला आहे ते पाहून हाताचा जोर कळतो आणि ट्यूबच्या पाठीवरून कोणता घटक किती आठवडे वापरून झाला हे कळतं. खाच खोल असेल तर ती दाताच्या रंगाच्या पदार्थाने भरता येते. उथळ असेल तर दवाखान्यातच जास्त तीव्रतेच्या फ्लोराइडचा लेप देतात आणि पेस्ट तीच चालू ठेवायची की दुसऱ्या घटकाची घ्यायची, हे ठरवतात.